धुराच्या आधीचं तेल

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मासेमारी बंद होती, बाजारात समुद्राचा मासा नाही, जो होता तो बर्फातला. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक बंगाली कुटुंब राहतं, वर्धमानकडचं, दादा कुंडईला एका कंपनीत आहेत. त्यांना मासेबंदीचं काही वाटत नाही, कारण त्यांचा मासा नदी-तलावातला, रोहू-कातला, तो फोंड्याच्या बाजारात त्या दिवसांतसुद्धा मिळतो. मी डबा परत द्यायला गेलो तेव्हा दादांच्या बायको, आमच्या बौदी, रोहूचे तुकडे तळायला घेत होत्या. बाहेर धो धो पाऊस, खिडक्या बंद, आणि गॅसवर लोखंडी कढईत मोहरीचं तेल तापत होतं, आधी नुसता वास, मग डोळ्यांत झोंबायला लागलं आणि मग कढईतून निळसर धूर वर चढायला लागला. दारात उभा राहून मी खोकलो, आमच्या घरातून आईचा खोकला ऐकू आला. बौदींनी शांतपणे गॅस बारीक केला, थोडं थांबल्या आणि हळद-मीठ लावलेला मासा अलगद तेलात सोडला. इथपर्यंत मला नवीन काही नव्हतं, मोहरीचं तेल असंच जाळून घ्यायचं असतं हे सगळ्यांकडून ऐकलेलं. पण बाजूच्या ओट्यावर त्यांनी उकडलेले बटाटे कुस्करले, त्यात कांदा, हिरवी मिरची, मीठ घातलं आणि त्याच बाटलीतलं तेल कच्चंच वरून ओतलं, चांगलं चमचाभर. मी विचारलं, "बौदी, इसको नहीं जलाना पड़ता?" त्या हसल्या, म्हणाल्या, "इसको जलाएगी तो खाने में क्या बचेगा?"

एकच बाई, एकच बाटली, मध्ये पाच मिनिटंसुद्धा गेली नसतील. एका कढईत धूर निघेपर्यंत जाळायचं आणि दुसऱ्या ताटात तेच कच्चं खायचं. कच्चं तेल जर पोटाला बाधत असेल तर बटाट्यात कसं चालतं, आणि बाधत नसेल तर मग घरभर धूर कशासाठी? हे डोक्यातून जाईना. ऑफिसात बिहारचा एक मित्र आहे त्याला विचारलं, तो म्हणाला धूर आला की तेलातलं जहर जळून जातं. दुसरा म्हणाला धुराशिवाय तेल "पकत" नाही. आईने तर विषयच वेगळीकडे नेला, तिचं म्हणणं एवढंच की जळलेलं तेल खाल्लं की घसा धरतो आणि आपल्या खोबरेलाला कोणी कधी धूर येईपर्यंत तापवलंय का. प्रश्न मात्र बरोबर होता तिचा.

उत्तराचं पहिलं टोकसुद्धा आईकडूनच मिळालं, तिला ते माहीत नसताना. लोणच्यासाठी मोहरी फेसायची तर ती दगडी रगड्यावर बसते, मिक्सर चालत नाही म्हणते. मोहरीची डाळ, त्यावर थोडं थंड पाणी, आणि मग वाटत राहायचं, फेसत राहायचं. सुरवातीला काहीच वास येत नाही, नुसती वाटलेली मोहरी, थोडी कडवट. मग हळूहळू ती पांढरट होते, फुगते, आणि मग एकदम असा झणका उठतो की वाटणारी मान फिरवते. गरम पाणी घातलं तर हा झणका उठत नाही, हे आईला तिच्या आईने सांगितलेलं, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या गावात, जिथे रसायनशास्त्र कोणी शिकलं नव्हतं. आणि तीच मोहरी फोडणीत घातली तर? तडतडते, खमंग होते, पण डोळ्यांत पाणी आणत नाही. म्हणजे अख्ख्या मोहरीत झणका तयार नसतोच. तो बनतो.

मग मी वाचत गेलो. मोहरीच्या दाण्यात सिनिग्रिन नावाचा एक पदार्थ असतो आणि त्याच दाण्यात, पण वेगळ्या पेशींत, मायरोसिनेज नावाचं एंझाइम असतं. दाणा फुटला, पाणी मिळालं की दोघं भेटतात आणि त्यातून ॲलाइल आयसोथायोसायनेट तयार होतं, तोच आपला झणका. झाडाच्या दृष्टीने ते किड्यांपासून बचावाचं हत्यार आहे, दाणा चावणाऱ्याला तिथल्या तिथे अद्दल. उष्णतेने एंझाइम मरतं म्हणून फोडणीत मोहरी तिखट होत नाही आणि म्हणूनच गरम पाण्याने फेसलेली मोहरी उठत नाही. घाण्यातही हेच चालतं. कच्ची घाणी म्हणजे दाणे न भाजता, कमी उष्णतेवर पिळतात, आणि पिळताना दाण्यांवर थोडं पाणी शिंपडतात, तेवढ्या ओलाव्यावर झणका तयार होतो आणि तेलात विरघळून राहतो. प्रमाण अगदी कमी, शेकडा अर्ध्याच्या आसपास किंवा त्याहून कमी, पण नाकाला आणि डोळ्यांना तेवढं पुरतं. आपल्या नाका-डोळ्यांतल्या, वेदना ओळखणाऱ्या ज्या नसा आहेत त्यांच्यावरच ते थेट बसतं, आणि वाफ होऊन नाकात जातं, म्हणून मोहरीचा झणका मिरचीसारखा जिभेवर रेंगाळत नाही, तो वर चढतो आणि क्षणात उतरतो.

आता महत्त्वाचं हे की हा पदार्थ उडून जाणारा आहे. तो उकळतो दीडशे अंशांच्या आसपास, आणि त्याच्या आधीपासूनच तो तेलातून निसटत असतो. मोहरीच्या तेलाचा धूर निघतो तो त्याच्या कितीतरी पुढे, पुस्तकांत २५० अंशांच्या आसपास लिहिलेलं असतं, आणि न गाळलेल्या, कच्च्या तेलात त्याहून बराच आधी. म्हणजे मध्ये मोठं अंतर आहे. झणका जाण्यासाठी धुरापर्यंत जायची गरज नाही हे कागदावर तरी स्वच्छ दिसतं.

कागदावर.

म्हणून एका रविवारी बायकोचं थर्मामीटर घेतलं, ती केक आणि चॉकलेटसाठी वापरते ते, लांब टोकाचं. लोखंडी कढईत पाव कप तेल, गॅस मध्यम, थर्मामीटरचं टोक कढईला न टेकवता तेलात धरलं. शंभरच्या पुढे गेल्यावर कडेला बारीक बुडबुडे आणि थोडा फेस आला, अगदी हलकं चरचरल्यासारखं, हा तेलातला उरलासुरला ओलावा. मग १४०–१५० च्या आसपास मजा सुरू झाली. म्हणजे मजा नव्हे, डोळे झोंबायला लागले. धूर अजिबात नव्हता, कढईवर काहीही दिसत नव्हतं, पण वर तोंड नेलं तर नाकात सुईसारखं जात होतं. हेच ते. आपण म्हणतो तेल "तापून झोंबायला लागलं", प्रत्यक्षात त्या वेळी तेलातला झणका बाहेर पडत असतो, आपल्याला झोंबतो याचाच अर्थ तो तेलातून निघून चाललाय. १७० ला तो सगळ्यात जोरात होता आणि १९० वर गॅस बारीक करून दोन-तीन मिनिटं तसंच ठेवलं तर तो स्पष्ट कमी झाला. तोवर तेलाचा रंगही बदलला, तांबूस सोनेरी होतं ते फिकं पिवळं झालं. त्यातलं थोडं मी पळीने वाटीत काढून ठेवलं. उरलेलं पुढे तापवलं, २२० च्या पुढे पहिला निळसर धागा दिसला आणि मग थोड्याच वेळात पूर्ण धूर. तेही दुसऱ्या वाटीत काढलं, आणि तिसऱ्या वाटीत बाटलीतलं कच्चं.

तिन्ही थंड झाल्यावर उकडलेल्या बटाट्यावर चमचा चमचा घालून घरातल्या सगळ्यांना दिलं, कुठलं कुठलं ते न सांगता. कच्चं लगेच ओळखता आलं, नाकात गेलं, मुलाने पाणी मागितलं. मधलं खाल्लं तेव्हा आई थांबली, पुन्हा थोडं घेतलं. तीक्ष्णपणा जवळजवळ गेलेला, मागे एक ऊबदार, भाजलेल्या मोहरीचा खमंग वास राहिलेला, जिभेवर अगदी थोडी चुणचुण. धूर काढलेलं तेल मऊ होतं, सपाट, झणका नाहीच, पण शेवटी घशात थोडा कडवटपणा, जळकी चव. बायको म्हणाली त्यात तेलापेक्षा धूरच जास्त लागतोय. झणका काढण्यासाठी धुराची गरज नाही याबद्दल त्या दिवसापासून मला शंका राहिली नाही. १९० च्या आसपास थोडा वेळ ठेवलं की काम होतं. एक मात्र सांगायला हवं, नुसतं १९० ला नेऊन लगेच गॅस बंद केला तर बराच झणका मागे राहतो, आणि उभ्या अरुंद भांड्यात तापवलं तर जास्त वेळ लागतो, कारण तेलाचा जो भाग हवेला लागतो तिथूनच तो उडतो. पसरट कढई, थोडं तेल, मध्यम गॅस, आणि दोन-तीन मिनिटं संयम.

मग इतक्या पिढ्या इतक्या बायका धूर निघेपर्यंत का तापवत आल्या? त्यांना वेडं ठरवायची घाई मला अजिबात नाही, आणि विचार करताना कारणं सापडत गेली. पहिलं म्हणजे थर्मामीटर कोणाकडे होतं. धूर ही डोळ्यांना दिसणारी खूण आहे, आणि धूर दिसला म्हणजे झणका नक्की गेलाच आहे, शंकेला जागा नाही. खूण जराशी पुढची आहे एवढंच. दुसरं, गावच्या घाण्यावरचं तेल आज कारखान्यात गाळून येतं तसं नव्हतं, त्यात ओलावा असायचा, पेंडीचा बारीक गाळ असायचा, असं तेल फसफसतं, उडतं, आणि त्यात मासा सोडला की अंगावर येतं. ओलावा पूर्ण काढून टाकायचा तर जोरात तापवणं हाच मार्ग. आणि तिसरं कारण मला सगळ्यात आवडलं, ते माशात आहे.

आपल्याकडे बांगडा किंवा मुडदुशी तळायची तर रव्यात घोळवतो. रवा मासा आणि तवा यांच्यामध्ये भिंत घालतो, म्हणून मध्यम तापलेल्या तेलातही मासा चिकटत नाही, सावकाश कुरकुरीत होतो. बंगाली घरात मासा नुसती हळद आणि मीठ लावून, कुठलंही आवरण न देता तेलात जातो. असा उघडा मासा कोमट तेलात टाकला तर कातडी कढईला धरणार, उलटताना तुटणार. तेल फार तापलेलं असेल, मासा पुसून कोरडा केलेला असेल, तर पृष्ठभाग लगेच बसतो आणि सुटतो. म्हणजे बौदींच्या त्या धुरात झणका घालवण्यापेक्षा मासा न चिकटण्याचा हिशोब जास्त आहे. मी नंतर बांगड्याचे तुकडे रव्याशिवाय, हळद-मीठ लावून, मोहरीच्या तेलात १९० वर आणि धुराच्या जवळ अशा दोन्ही रीतीने तळून बघितले, आणि खरं सांगतो, कमी तापलेल्यात दोन तुकडे सोलवटले. कढई जुनी आणि तेल खाल्लेली असेल, मासा कोरडा असेल, आणि एकदा टाकल्यावर त्याला हात न लावता तसाच दोन मिनिटं सोडला तर १९० ला पण जमतं, पण चुकायला वाव फार. त्यामुळे माशाच्या बाबतीत मी बौदींशी भांडणार नाही.

पण भाजीत? फ्लॉवर-बटाटा, वांगं, चिकन, जिथे कांदा-आलं-लसूण तेलात दहा-पंधरा मिनिटं परतायचाच आहे, तिथे तर आधीचं जाळणं मला दुहेरी काम वाटतं. परतण्याच्या वेळात, उघड्या कढईत, वाफेबरोबर झणका आपोआप निघून जातो. कच्चं तेल सरळ गॅसवर ठेवून, फेस बसला, लहरी दिसल्या की कांदा टाकला तरी शेवटी रश्श्यात नाकात जाणारं काही उरत नाही. हे मी करून बघितलंय, घरी कोणाला फरक कळला नाही. झाकण ठेवलं तर गोष्ट वेगळी, झाकणावर ते थंड होऊन थेंबांतून पुन्हा खाली येतं, आणि बंगालमध्ये भापा इलिश या वाफवलेल्या माशाला तेच हवं असतं, मोहरीचं वाटण, कच्चं तेल, डबा घट्ट बंद आणि वाफेवर. तिथे झणका हीच त्या पदार्थाची चव असते.

धुराची किंमत मात्र मोजावी लागते, आणि ती आपल्याकडे पावसाळ्यात जास्त. चार महिने खिडक्या बंद, भिंतींना ओल, स्वयंपाकघरातला धूर बाहेर जायला जागा नाही. तेल धुराच्या पातळीला गेलं की त्यातलं ग्लिसरीन तुटतं आणि त्यातून ॲक्रोलिन तयार होतं, जळलेल्या तेलाचा जो घसा धरणारा वास तो त्याचाच, म्हणजे आई बरोबर बोलली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये छापलेल्या अहवालात फार उच्च तापमानाला तळताना निघणाऱ्या धुराला माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या गटात ठेवलंय, आणि त्यामागे चीनमधल्या, शांघायकडच्या स्वयंपाक करणाऱ्या, सिगारेट न ओढणाऱ्या बायकांवरचे अभ्यास आहेत. त्या बायका वापरायच्या ते रेपसीडचं तेल, आपल्या मोहरीचं सख्खं भावंड. रोजच्या रोज, बंद खोलीत, अनेक वर्षं असा तो प्रश्न आहे, एका रविवारच्या कढईने काही होत नाही. पण रोज सकाळी धूर काढणाऱ्या बाईसाठी हा प्रश्न खरा आहे, आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या आमच्या आईच्या छातीसाठीसुद्धा.

मसाल्यांचं नुकसान तर लगेच कळतं. धुरावरच्या तेलात फोडणी टाकली की मेथी काळी आणि कडू, हळद तपकिरी, लसूण करपलेला. धूर काढणाऱ्या जाणत्या बायका म्हणूनच आधी गॅस बंद करून तेल उतरवतात, धूर पूर्ण बसू देतात आणि मग पाँचफोडन, म्हणजे पाच अख्ख्या मसाल्यांची बंगाली फोडणी, टाकतात. हा मधला थांबा बाकीचे विसरतात आणि मग म्हणतात मोहरीच्या तेलाची भाजी कडवट लागते. आणि एकदा धूर निघालेलं तेल पुन्हा वापरलं तर दुसऱ्या वेळी तो आधीच, कमी तापमानाला निघतो, कारण तेल आतून तुटायला सुरवात झालेली असते.

आता जहराचं. हे मित्राचं म्हणणं मला सगळ्यात धोक्याचं वाटलं, कारण त्यात अर्धं खरं मिसळलेलं आहे. मोहरीच्या तेलात इरुसिक ॲसिड नावाचं स्निग्धाम्ल भरपूर असतं, आपल्या पारंपरिक वाणांत जवळजवळ निम्म्यापर्यंत. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने हृदयात चरबी साठते असं १९७० च्या दशकात दिसलं, त्यावरून कॅनडात कमी इरुसिकचं वाण तयार झालं, कनोला, आणि अमेरिकेत आपलं मोहरीचं तेल "फक्त बाहेरून लावण्यासाठी" असं लेबल लावून विकलं जातं. माणसांत तसं होतं का यावर वाद आहे, आणि कोट्यवधी लोक पिढ्यानपिढ्या हे खातायत. पण मुद्दा असा की धूर काढल्याने इरुसिक ॲसिड जात नाही. ते तेलाचाच भाग आहे, उडून जाणारं नाही. जाळलेल्या तेलात ते जवळजवळ तेवढंच राहतं. ज्याला ते कमी खायचं आहे त्याने तेल कमी खावं किंवा आलटून पालटून वापरावं, कढई जाळून उपयोग नाही.

भेसळीचंही तसंच. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळल्यामुळे माणसांना सूज येऊन, श्वास लागून साठेक जीव गेले, हजारो आजारी पडले. त्या घरांतसुद्धा तेल तापवूनच वापरत होते. स्वयंपाकघरातल्या उष्णतेवर त्या विषाच्या बाबतीत विसंबता येत नाही, आणि सुटं तेल घेऊन घरी जाळून सुरक्षित होतं हा समज म्हणून फार वाईट. सीलबंद, चिन्ह असलेलं, तारीख बघून घेतलेलं तेल एवढाच घरगुती उपाय. २०२१ च्या जूनपासून मोहरीच्या तेलात दुसरं खाद्यतेल मिसळून विकायलाही देशात बंदी आहे, तेव्हापासून बाटलीवर "मिश्रित" असलेलं मोहरीचं तेल दुकानात दिसू नये.

हे सगळं मी बौदींना सांगितलं. डबा देण्याच्या निमित्ताने नव्हे, मुद्दाम, माझ्या त्या १९० च्या वाटीसकट. त्यांनी चाखलं, बरं आहे म्हणाल्या, पण चेहरा उजळला नाही. मग म्हणाल्या, धुआँ वाला तेल में जो गंध आता है, वो नहीं है इसमें, माछेर झोल वैसा नहीं लगेगा. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि नाही. त्यांच्यासाठी तो धुराचा वास घराचा वास आहे, झोलमध्ये तो हवा असतो. काश्मीरमध्येही तेल असंच धुरापर्यंत नेऊन, शांत करून मग वापरतात, आणि तिथल्या रोगनजोशात तो वास सगळ्यांना ओळखीचा आहे. झणका घालवायला धूर लागत नाही हे मी खात्रीने म्हणतो, पण चवीसाठी धूर लागत नाही हे मला कोणालाच सांगता येणार नाही. फक्त एवढंच सांगितलं की धूर काढायचाच तर पहिला निळा धागा दिसला की गॅस बंद, कढईभर धूर होऊ द्यायचा नाही, आणि खिडकी एक फट तरी उघडी. ते त्यांनी ऐकलं. दादांनी बाहेर हवा फेकणारा पंखाही लावून घेतला.

आणि गंमत म्हणजे कच्चं तेल आईला जास्त पटलं. खतखतं, म्हणजे आमचं मिश्र भाज्यांचं कालवण, उतरवताना शेवटी वरून कच्चं खोबरेल सोडायचं ही आमच्याकडची रीत, ते तेल कोणी तापवत नाही, तापवलं तर खतखत्याचा जीवच जातो. बौदींच्या बटाट्याचं ऐकल्यावर आई म्हणाली, "म्हणजे तेंचंय तसंच की, आपण खोबरेल घालतो ते." त्या दिवसापासून ती माझ्या बटाट्यावर वरून पाव चमचा कच्चं मोहरीचं तेल चालवून घेते, त्याहून जास्त नको म्हणते. खोबरेलाची जागा त्याने घेतली नाही आणि घेणारही नाही, आमच्या हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, मोहरीचं तेल मला स्वतःलाच नको वाटतं, तिरफळाबरोबर ते भांडतं.

आमच्याकडे आता मोहरीच्या तेलाची भाजी असते ती अशी होते. जाड कढई, चार टेबलस्पून तेल, मध्यम गॅस. कडेचा फेस बसला आणि चरचर थांबली की ओलावा गेला. डोळ्यांत झोंबणं चढतं आणि मग उतरतं, तोवर कढईवर तोंड न्यायचं नाही. तेल पातळ होऊन त्यावर लहरी दिसतात, रंग उजळतो, मोहरीचा एक दाणा टाकला तर लगेच तडतडतो. तिथे गॅस बारीक करून दोन-तीन मिनिटं. मध्ये धुराचा धागा दिसलाच तर पुढे गेलो, गॅस बंद, थांबा, मग फोडणी. थर्मामीटर आता मी काढत नाही, खुणा डोळ्यांना बसल्यात.

लोणच्याच्या तेलावर मात्र आईचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. कैरीच्या लोणच्यावर घालायचं तेल तापवून पूर्ण थंड करूनच घालायचं हे तिचं ठाम मत, आणि ओलाव्यासाठी ते बरोबरच आहे, ओलावा राहिला तर बुरशी. पण तेच ॲलाइल आयसोथायोसायनेट बुरशी आणि जंतूंनाही रोखतं, तापवून आपण ते घालवून बसतो आणि मग लोणच्याला वाचवायचं काम सगळं मिठावर, आंबटपणावर आणि वरच्या तेलाच्या थरावर येतं. तिचं म्हणणं, फेसलेली मोहरी आत आहेच की, तिचा झणका पुरे. खरंय तेही. तरी येत्या मे महिन्यात एका छोट्या बरणीत अर्धं तेल तापवून गार केलेलं आणि अर्धं कच्चं, गाळून कोरड्या बाटलीत ठेवलेलं, असं घालायचं ठरलंय, कैऱ्या पुसून उन्हात सुकवून, बरणी उन्हात तापवून. आईने परवानगी दिली आहे, पण बरणी तिच्या बरण्यांच्या रांगेत ठेवायची नाही या अटीवर.